ट्रेलर कसा कापतात, आणि आपण तो कुठे थांबवावा

‘टर्मिनेटर २’ हा १९९१ चा सिनेमा आज कुणी पहिल्यांदा पाहायला बसलं, तरी त्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असते: या वेळी अर्नोल्ड श्वार्झनेगर चांगला आहे. एका मुलाला मारायला नाही, वाचवायला आला आहे. गंमत अशी की सिनेमाचा साधारण पहिला अर्धा तास ही एकच गोष्ट प्रेक्षकापासून लपवून ठेवण्यासाठी रचलेला आहे. जेम्स कॅमेरॉनने ती मेहनतीने लपवली आणि ट्रेलरने ती सांगून टाकली.

ट्रेलर कसा बनतो आणि तो जास्त कधी सांगतो, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यामुळे आधी कापणाऱ्याच्या बाजूने बघू, मग हाच ट्रेलर उलगडू, आणि शेवटी तुम्ही-आम्ही मोबाइल हातात घेऊन नेमकं काय करायचं ते पाहू.

कापणारा काय करतो

पहिली गोष्ट, ट्रेलर सहसा सिनेमाचा एडिटर कापत नाही. हॉलिवूडमध्ये त्यासाठी वेगळ्या कंपन्या आहेत आणि एकाच सिनेमाचं काम कधीकधी दोन-तीन कंपन्यांना देऊन त्यातला चांगला कट उचलतात. मुंबईतही प्रोमो कापणारे एडिटर वेगळे असतात. असा माणूस सिनेमाकडे बाहेरून बघतो, आणि हीच त्याची ताकद असते. दिग्दर्शकाला पाच मिनिटांचा जो प्रसंग जिवापाड प्रिय असतो, त्यातलं याला फक्त एक वाक्य आणि एक नजर हवी असते.

त्याच्या हातात येणारा सिनेमा बहुतेक वेळा अर्धवट असतो. ग्राफिक्स व्हायची असतात, पार्श्वसंगीत तयार नसतं. म्हणूनच ट्रेलरमधलं संगीत पुष्कळदा सिनेमात सापडत नाही. ते ट्रेलरसाठीच बनवणाऱ्यांच्या संग्रहातून घेतलेलं असतं किंवा एखादं जुनं गाणं संथ करून नव्याने गाऊन घेतलेलं असतं.

सिनेमा दोन-चारदा पाहून झाला की तो त्याचे तुकडे पाडतो. कामाचे संवाद एका डब्यात, चेहऱ्यांवरच्या प्रतिक्रिया दुसऱ्या, पळापळ-मारामारी तिसऱ्या, जागा दाखवणारे लांबचे शॉट चौथ्या. त्यानंतरची पायरी बाहेरच्या माणसाला उलटी वाटते: अनेक जण आधी चित्र बाजूला ठेवून फक्त आवाज जोडतात. वीस-पंचवीस वाक्यं अशी लावायची की डोळे मिटून ऐकलं तरी गोष्ट कळावी. हा ट्रेलरचा कणा. वाक्यं सिनेमाच्या क्रमाने यायला हवीत असं काही नाही. शेवटच्या प्रसंगातलं वाक्य सुरुवातीच्या शॉटवर बसतं, एका वाक्याचं अर्धं दुसऱ्याला जोडलं जातं. कण्यावर संगीत चढतं, आणि मग संगीताच्या ठोक्यावर चित्र.

यातून साधारण तीन भागांचा साचा तयार होतो. पहिल्या भागात माणूस आणि त्याचं जग. दुसऱ्यात संकट किंवा पेच. मग संगीत अचानक थांबतं, पडदा क्षणभर काळा होतो, एकच वाक्य ऐकू येतं, आणि तिसरा भाग सुरू होतो: वाढत्या संगीतावर भराभर शॉट, प्रत्येक जेमतेम अर्धा-एक सेकंद. मग सिनेमाचं नाव. नावानंतर बऱ्याचदा एक छोटा विनोद किंवा दचका येतो, त्याला या धंद्यात ‘बटण’ म्हणतात. अमेरिकेत थिएटरवाल्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये ट्रेलर दोन मिनिटांत आटपावा असा दंडक सुचवला. आपल्याकडे हिंदी-मराठीत अडीच-तीन मिनिटं सर्रास चालतात, आणि ते जास्तीचं मिनिट कशाने भरतं हे वेगळं सांगायला नको.

जास्त सांगणं नेमकं कुठे घुसतं

माझ्या मते दोष बहुतेकदा एडिटरचा नसतो. पहिला कट बऱ्यापैकी राखलेला असतो. मग तो निर्मात्याकडे, वितरकाकडे, नटाच्या माणसांकडे जातो आणि सूचना येऊ लागतात. ‘तो हेलिकॉप्टरचा शॉट कुठे गेला? त्याच्यावर एवढा खर्च झालाय.’ ‘दोघं एकत्र लढताहेत ते दाखवा.’ ‘गोष्ट कळत नाहीये.’ यातली शेवटची सूचना सगळ्यात घातक, कारण ती रास्त वाटते.

पुढे मोठ्या सिनेमांचे ट्रेलर निवडक प्रेक्षकांना दाखवून तपासतात. गोष्ट समजली का, सिनेमा पाहावासा वाटतो का, असं विचारतात. ज्याला गोष्ट समजली नाही तो तसं सांगतो आणि त्याचं मत नोंदलं जातं. पण ज्याला गरजेपेक्षा जास्त समजलं, त्याला ते त्या क्षणी कळण्याचा मार्गच नसतो. सिनेमा न पाहता कसं सांगणार, की आत्ता पाहिलेला शॉट हा शेवटच्या वीस मिनिटांतला आहे? त्यामुळे ही तपासणी काटा नेहमी एकाच दिशेने ढकलते: अजून थोडं सांगा.

शिवाय प्रेक्षकालाही तेच हवं असतं, असं मानणारे दिग्दर्शक आहेत. २००० सालच्या ‘कास्ट अवे’च्या ट्रेलरमध्ये निर्जन बेटावर अडकलेला टॉम हँक्स परत आलेला स्पष्ट दिसतो. त्यावर टीका झाली तेव्हा दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी ट्रेलरची बाजू घेतली. आपण काय पाहायला चाललो आहोत हे लोकांना नेमकं माहीत असायला हवं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. धंद्याच्या हिशेबाने ते खोटं नाही. घरचे चौघं, तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न एवढा खर्च करणाऱ्याला खात्री हवी असते.

‘टर्मिनेटर २’ उलगडून पाहू

१९८४ च्या पहिल्या सिनेमात भविष्यातून दोघं येतात. श्वार्झनेगर हा मारेकरी यंत्रमानव आणि काइल रीस हा त्याच्यापासून सारा कॉनर या तरुणीला वाचवायला आलेला सडपातळ माणूस. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा दोघं येतात, या वेळी तिच्या मुलासाठी. एक पुन्हा श्वार्झनेगर, तोच चेहरा. तो बाइकवाल्यांच्या बारमध्ये शिरतो, एकाचे कपडे आणि गाडी घेतो. दुसरा रॉबर्ट पॅट्रिक, अंगकाठीने रीससारखाच, आणि तो पोलिसाच्या वेशात फिरू लागतो. मुलाला सांभाळणाऱ्या दांपत्याच्या दारात जाऊन सभ्यपणे त्याचा फोटो मागतो. पहिला भाग पाहिलेल्याने काय समजावं? पोलीस वाचवायला आलाय आणि काळ्या चामड्याच्या जाकिटातला मारायला.

दोघंही मुलाला शोधत एकाच मॉलमध्ये पोहोचतात. मुलगा पोलिसापासून पळत मागच्या अरुंद बोळात शिरतो, तर समोरून श्वार्झनेगर येतोय. हातात गुलाबांचा लांबट खोका. खोका उघडतो, आत शॉटगन, फुलं पायाखाली पडतात. तो बंदूक रोखतो आणि मुलाला म्हणतो, खाली वाक. मागे पोलीस उभा आहे. या एका वाक्याने सगळं फिरतं. श्वार्झनेगर पाठ वळवून मुलाला आडोसा देतो, गोळ्या स्वतःच्या पाठीवर झेलतो.

आता ट्रेलर पाहा. श्वार्झनेगर या वेळी रक्षक आहे, हे त्यात सरळच सांगितलेलं आहे. म्हणजे ट्रेलर पाहून आलेल्या प्रेक्षकासाठी तो बोळ म्हणजे दोन यंत्रांची पहिली टक्कर, बस. फोटो मागणारा सभ्य पोलीस पहिल्या फ्रेमपासून खलनायक. बारमधला प्रसंग निव्वळ मौज. दृश्यं तीच, पण त्यांच्याखालचा ताण निघून गेलेला.

विक्रीच्या बाजूने बघितलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. १९९१ पर्यंत श्वार्झनेगर मोठा स्टार झाला होता, लहान मुलांबरोबरचे विनोदी सिनेमेही करत होता. त्याला पुन्हा थंड डोक्याचा मारेकरी म्हणून विकण्यापेक्षा ‘तोच यंत्रमानव, पण आपल्या बाजूने’ हे कितीतरी सोपं होतं. त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त कमाई याच सिनेमाने केली. ट्रेलरने आपलं काम चोख केलं. नुकसान झालं ते सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासाचं.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘ट्रेलरने पहिल्या अर्ध्या तासापुरतंच दाखवावं’ असा एक ढोबळ नियम लोक सांगतात. इथे तो नियम पाळूनही घात होतो, कारण गुपित तिसाव्या मिनिटाच्या आसपासच फुटतं. म्हणून मिनिटं मोजू नयेत. विचारायचं ते एवढंच: सिनेमा मला कोणता प्रश्न मनात धरून बसायला सांगतोय, आणि ट्रेलरने त्याचं उत्तर दिलं का?

हाच प्रश्न ‘कास्ट अवे’ला लावला तर निकाल थोडा वेगळा येतो. तो परत येतो हे कळल्याने तराफ्यावर बसून समुद्रात शिरण्याच्या प्रसंगातली धाकधूक जाते, हे खरं. पण परत आल्यावर त्याच्या वाट्याला काय उरलेलं असतं, हा त्या सिनेमाचा दुसरा मोठा प्रश्न आहे आणि तो बऱ्यापैकी शिल्लक राहतो. म्हणजे ट्रेलरने अर्धं खाल्लं.

पाहता पाहता कसं ओळखायचं

ट्रेलर यूट्यूबवर पाहणार असाल तर पहिले पाच-सहा सेकंद सोडून द्या. हल्ली तिथे ट्रेलरचाच एक चिमुकला ट्रेलर लावलेला असतो, कारण जाहिरात पाच सेकंदांनी उडवता येते आणि बोट सरकवणाऱ्याला तेवढ्यात अडवायचं असतं. मोठे, महागडे शॉट तिथे बिनदिक्कत कोंबलेले असतात.

मग पहिला भाग निवांत पाहा. कोण आहे, कुठे आहे, काय बिनसलं. इथे मनातल्या मनात एक वाक्य बनवा, प्रश्नाच्या रूपात: ‘हिचा नवरा खरंच हरवलाय का?’, ‘हे दोघं पळून जाऊ शकतील का?’, ‘खून कोणी केला?’ असं वाक्य बनलं की ट्रेलरकडून तुम्हाला मिळायचं ते मिळालं. पुढचं सगळं या वाक्याला धरून ऐकायचं. ट्रेलर प्रश्न मोठा करत असेल तर चालू द्या. उत्तराकडे सरकू लागला की बंद करा.

सरकण्याची जागा ओळखू येते. संगीत थांबून काळा पडदा येतो आणि एकटं वाक्य ऐकू येतं, ते वाक्य काय करतंय ते बघा. धमकी किंवा कबुलीची सुरुवात असेल तर ठीक. पण कोण कुणाचा मुलगा, कोण मुळात कोण नव्हताच, कोण जिवंत आहे, अशा नात्याची आणि ओळखीची उकल करणारं वाक्य असेल, तर कलाटणी तुमच्या हातात ठेवली गेली. ज्याला सिनेमा खरंच पाहायचा आहे त्याने तो काळा पडदा दिसताच थांबावं, असं माझं मत. त्याच्यापुढे तुमच्या फायद्याचं फारसं काही नसतं.

तरीही पुढे पाहिलंच, तर भराभर शॉटच्या भागात गोष्ट बोलण्यातून फुटत नाही, कपड्यांतून फुटते. सुरुवातीला पांढऱ्या शर्टात असलेला नायक एका शॉटमध्ये दाढी वाढलेला, कपाळावर जखम, वेगळ्याच गावात. म्हणजे काळ पुढे गेलाय आणि तो जिवंत आहे. ज्यांचं वैर पहिल्या भागात ठासून सांगितलं ते दोघं एका गाडीत शेजारी बसलेले. म्हणजे समेट झालाय. या शॉटचा अर्थ त्या वेळी लागत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. पण सिनेमा पाहताना नायक कड्यावरून पडतो आणि तुमच्या डोक्यात येतं, ‘अजून तो जखमेचा शॉट आला नाहीये.’ तिथे भीती संपली.

ही नजर एकदा तयार व्हावी म्हणून एक सराव करा. तुम्ही नीट पाहिलेल्या एखाद्या सिनेमाचा ट्रेलर लावा. थांबवून ठेवल्यावर संगणकावर `.` दाबलं की यूट्यूब एक फ्रेम पुढे जातं, `,` दाबलं की एक फ्रेम मागे. कागदावर प्रत्येक शॉटपुढे तो सिनेमात साधारण कुठे येतो ते लिहा: सुरुवात, मध्य, शेवट. मग ‘शेवट’ लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवून बघा, त्यांतल्या कशाने काही फुटलं आणि कशाने नाही. स्फोट, पाऊस, पळणारी गर्दी शेवटातली असली तरी बिनधोक असते. दोन माणसं शांतपणे बोलत उभी असलेला एक शॉट मात्र सगळं सांगून जाऊ शकतो. एकदोन ट्रेलरवर हे केलं की पुढे कागद लागत नाही.

ट्रेलर खोटंही बोलतो, हे धरून चाला

या ओळखीला एक मर्यादा आहे. वाक्य बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर नसेल, तर ते वाक्य भलत्याच प्रसंगातलं असू शकतं. कधी जाणूनबुजून फसवतात: ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये हल्क इतरांबरोबर रणांगणात धावताना दिसतो, सिनेमात तो शॉट तसा नाहीच. मला असं खोटं बोलणं आवडतं. गुपित सांभाळायचा तो प्रामाणिक मार्ग आहे, म्हटलं तर विचित्र वाटेल, पण आहे.

सगळ्यांना आवडत नाही, हेही खरं. ‘फॅन’ (२०१६) या हिंदी सिनेमाच्या प्रोमोमध्ये जे गाणं वाजत होतं, ते सिनेमात नव्हतं. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली, राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि खर्च द्यायला लावला, राष्ट्रीय आयोगानेही तो निर्णय उचलून धरला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला. प्रोमो म्हणजे एकतर्फी जाहिरात, त्यात जे दिसलं ते सिनेमात असेलच असा करार त्यातून होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे ट्रेलरमधलं काही कमी निघालं तरी नुसत्या तेवढ्यावर दाद नाही. जास्त निघाल्याची तर तक्रार करायला जागाच नाही.

थिएटरात अडकलात तर

घरी बंद करता येतं. थिएटरात मध्यंतरात ट्रेलर लागला की पर्याय कमी. लोक डोळे मिटतात, पण कणा आवाजाचा असतो, त्यामुळे डोळे मिटून उलट गोष्ट स्वच्छ ऐकू येते. पडद्याकडे बघत शेजारच्याशी हळू आवाजात बोलत राहणं जास्त उपयोगी. सुटे शॉट डोळ्यांसमोरून जातात, ते जोडणारी वाक्यं निसटतात.

आणि एखादा सिनेमा पाहायचा हे ठरलेलंच असेल, तर टीझर पाहून ट्रेलर सोडा. ‘टर्मिनेटर २’चा टीझर आठवण्यासारखा आहे. सिनेमातले यंत्रमानव घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनने तो वेगळा चित्रित केला होता: कारखान्यात यंत्रमानव तयार होताहेत आणि शेवटी साच्यातून श्वार्झनेगर बाहेर येतो. त्यात प्रत्यक्ष सिनेमातला एकही शॉट नाही. तो परत येतोय एवढंच कळतं. कुणाच्या बाजूने, ते नाही.